घड्याळ न पाहणारे इंडिकेटर : सकाळची उसळी, दुपारची मरगळ आणि शेवटचा अर्धा तास

सेबीने जुलै 2024 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. रोखीच्या बाजारात इंट्राडे करणाऱ्या, म्हणजे त्याच दिवशी घेऊन त्याच दिवशी विकणाऱ्या, दर 10 वैयक्तिक व्यवहारकर्त्यांपैकी 7 जण 2022-23 मध्ये तोट्यात राहिले, असे त्यात आढळले. अशा व्यवहारकर्त्यांत तिशीच्या आतल्यांचे प्रमाण 2018-19 मध्ये 18 टक्के होते, ते 2022-23 मध्ये 48 टक्क्यांवर गेले होते. लातूर, नांदेड, परभणी, जालना या आपल्याकडच्या गावांतही मोबाइलवर पाच मिनिटांचा आलेख उघडून बसलेली तरुण मुले आता सर्रास दिसतात. त्यातील बहुतेकांच्या पडद्यावर आरएसआय, बोलिंजर बँड आणि व्हॉल्यूमची सरासरी ही तीन इंडिकेटर लावलेली असतात. तोट्याची कारणे अनेक आहेत आणि सेबीच्या अभ्यासाने इंडिकेटरना दोष दिलेला नाही. पण एक कारण असे आहे की ते कागद-पेन्सिलीने तपासता येते आणि तरीही शिकवणीवर्गात क्वचितच सांगितले जाते. ते म्हणजे, हे इंडिकेटर किती वाजले आहेत हे पाहत नाहीत, आणि बाजार मात्र घड्याळाप्रमाणे वागतो.

दिवसाचा आकार कसा असतो

आपला शेअर बाजार सकाळी 9:15 ते दुपारी 3:30 असा 375 मिनिटे चालतो, म्हणजे पाच मिनिटांच्या आलेखावर दिवसाला 75 कॅन्डल पडतात. एक कॅन्डल म्हणजे त्या पाच मिनिटांतील सुरुवातीचा, सर्वांत वरचा, सर्वांत खालचा आणि शेवटचा भाव यांची एक खूण. या 75 कॅन्डल एकसारख्या नसतात. सकाळच्या पहिल्या अर्ध्या तासात उलाढाल आणि भावातील हेलकावे दोन्ही मोठे असतात, अकराच्या पुढे ते ओसरू लागतात, बारा ते दीडच्या सुमारास तळाला जातात आणि अडीचनंतर पुन्हा चढतात. जगातील बहुतेक शेअर बाजारांत हाच आकार दिसतो आणि इंग्रजी यू अक्षराशी तो जुळतो म्हणून अभ्यासक त्याला यू-आकार म्हणतात.

यामागची कारणे साधी आहेत. आदल्या दुपारी बाजार बंद झाल्यापासून सकाळपर्यंत अमेरिकेचा बाजार चालून गेलेला असतो, कंपन्यांचे निकाल लागलेले असतात, आणि या साऱ्या बातम्यांचा हिशेब भावात सकाळी एकदम उतरतो. त्यासाठीच 9:00 ते 9:15 हे प्री-ओपन सत्र ठेवलेले आहे. त्यात जमलेल्या मागण्या एकत्र जुळवून सुरुवातीचा एकच भाव काढला जातो, पण मतभेद तेवढ्याने मिटत नाहीत आणि पुढचा अर्धा तास ते चालूच राहतात. दुपारी नवे कळण्यासारखे फारसे काही नसते. युरोपातील बाजार उघडले की पुन्हा हालचाल येते आणि शेवटी इंट्राडे करणाऱ्यांना आपले सौदे मिटवावेच लागतात, म्हणून अखेरीस गर्दी होते.

इंडिकेटर कुठे फसतो

बहुतेक इंडिकेटर मागच्या ठरावीक कॅन्डलकडे पाहतात आणि आताची कॅन्डल त्यांच्या तुलनेत कशी आहे ते सांगतात. 20 कॅन्डलची सरासरी म्हणजे पाच मिनिटांच्या आलेखावर मागची 100 मिनिटे. ही खिडकी घड्याळाबरोबर सरकत राहते. सकाळी 9:20 ला पहिली कॅन्डल पूर्ण होते तेव्हा खिडकीत आजची एकच कॅन्डल असते आणि उरलेल्या 19 कालच्या, 1:55 पासून 3:30 पर्यंतच्या असतात. खिडकीत फक्त आजच्या कॅन्डल यायला 10:55 वाजावे लागतात. दुपारी दीड वाजता हीच खिडकी 11:50 पासूनची, म्हणजे नेमक्या मरगळीच्या वेळेची असते.

लातूरच्या मोंढ्याच्या फाटकावर एखाद्याला बसवावे आणि सांगावे की दर अर्ध्या तासाला आत आलेल्या सोयाबीनच्या गाड्या मोज आणि मागच्या दोन तासांच्या सरासरीशी ताडून बघ. तो रोज सकाळी "आवक अचानक वाढली" असे कळवील आणि रोज सौदे उरकल्यावर "आवक कोसळली" असे कळवील. त्याची मोजणी बरोबर असेल, पण त्याच्या सांगण्यावरून आज माल खरोखर जास्त आला की नाही हे कुणालाच कळणार नाही. मोंढ्यातला मुरलेला मुनीम मात्र आज सकाळी आठची आवक काल, परवा आणि मागच्या आठवड्यातल्या सकाळी आठच्या आवकेशी ताडून पाहतो. शेअर बाजारातील इंडिकेटरचा दोष आणि त्यावरचा उपाय, दोन्ही एवढ्यात आले. आता हे प्रत्यक्ष आकड्यांत पाहू. पुढचे आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत, गणित मात्र जसेच्या तसे आहे.

सकाळ : एका कॅन्डलने आरएसआय 50 वरून 72 वर

आरएसआय हा मागच्या काळातील सरासरी वाढ आणि सरासरी घट यांचे गुणोत्तर 0 ते 100 या मापात सांगतो. 70 च्या वर गेला की भाव गरजेपेक्षा जास्त चढला, असे साधारणपणे मानतात. रूढ पद्धतीत 14 कॅन्डल धरतात आणि प्रत्येक नव्या कॅन्डलला जुन्या सरासरीचा 13 पट भाग अधिक नवा बदल, भागिले 14, असा हिशेब करतात.

समजा, एक शेअर काल 800 रुपयांवर थांबला आणि शेवटच्या तासात तो इकडून तिकडे नुसता डुलत होता, म्हणजे सरासरी वाढ 60 पैसे, सरासरी घटही 60 पैसे आणि आरएसआय 50. रात्री चांगली बातमी आली. आज तो 810.50 ला उघडला आणि पहिली पाच मिनिटे संपताना 812 वर होता. आरएसआयच्या दृष्टीने ही एका कॅन्डलमधील 12 रुपयांची वाढ आहे. नवी सरासरी वाढ (0.60 × 13 + 12) ÷ 14, म्हणजे सुमारे 1.41 रुपये होते. सरासरी घट 0.56 वर उतरते आणि आरएसआय थेट 72 दाखवतो.

आता पुढे पाहा. 9:20 नंतर हा शेअर 812 च्या आसपास कालच्यासारखाच डुलत राहिला, कुठेही गेला नाही, तरी 10:05 ला आरएसआय 64 च्या आसपास असतो आणि 10:50 ला 58 च्या आसपास. या हिशेबात कोणत्याही एका कॅन्डलचा प्रभाव निम्मा व्हायला सुमारे नऊ कॅन्डल, म्हणजे पाऊण तास लागतो. प्रत्यक्षात सकाळचे हेलकावे मोठे असल्याने हा प्रभाव थोडा लवकर पातळ होतो, पण साडेदहापर्यंत पडद्यावर दिसणाऱ्या आकड्यात रात्रीच्या उडीचा अंश असतोच. एक जण या 72 ला "भाव फार चढला, विका" असे वाचतो, दुसरा "जोर आहे, घ्या" असे वाचतो. दोघेही ज्या हालचालीबद्दल बोलत असतात ती बाजार बंद असताना घडून गेलेली असते.

यावर सोपी दुरुस्ती आहे. पहिल्या कॅन्डलचा बदल कालच्या बंद भावापासून न मोजता तिच्या स्वतःच्या सुरुवातीच्या भावापासून मोजायचा, म्हणजे इथे 12 ऐवजी 1.50 रुपये. तसे केले तर वरच्या उदाहरणात आरएसआय 72 ऐवजी साधारण 54 येतो. सकाळच्या व्यवहारात प्रत्यक्ष काय घडले ते या आकड्यात दिसते, आणि रात्रीची उडी वेगळी, तिच्या नावाने, बाजूला लिहून ठेवता येते.

दुपार : अरुंद झालेले बँड आणि दीडचा ब्रेकआउट

दुपारची फसवणूक मला सकाळच्यापेक्षा जास्त घातक वाटते, कारण सकाळी निदान सगळे सावध असतात. बोलिंजर बँड म्हणजे 20 कॅन्डलच्या सरासरी भावाच्या वर आणि खाली आखलेल्या दोन रेषा. त्या काळात भाव सरासरीपासून जितका पसरला असेल त्या पसाऱ्याच्या, म्हणजे प्रमाण विचलनाच्या, दुप्पट अंतरावर त्या असतात. भाव शांत झाला की रेषा जवळ येतात. "बँड आवळले की मोठी हालचाल येणार आणि भाव ज्या रेषेबाहेर पडेल त्या दिशेने जायचे," हा नियम बहुतेक वर्गांत शिकवला जातो.

आपल्याच शेअरचा दिवस पुढे नेऊ. 10:55 ला खिडकीत सगळी सकाळ आहे, पसारा 3 रुपयांचा आहे, म्हणून वरची रेषा सरासरीच्या 6 रुपये वर आहे. दीड वाजता खिडकीत 11:50 पासूनची शांतता आहे, पसारा 80 पैशांवर आला आहे आणि वरची रेषा 812 च्या वर अवघी 1.60, म्हणजे 813.60 वर आहे. 1:30 च्या कॅन्डलमध्ये भाव 814 ला बंद होतो. दोन रुपयांची ही हालचाल सकाळी रेषेच्या अर्ध्या वाटेपर्यंतही पोहोचली नसती, दुपारी मात्र ती रेषेबाहेर पडते, म्हणजे ब्रेकआउट ठरते.

इथे विचारायचा प्रश्न हा आहे की दीड ते पावणेदोन या वेळेत हा शेअर एरवी किती हलतो. मागचे 20 दिवस काढून पाहिले आणि या पंधरा मिनिटांतील वरचा आणि खालचा भाव यांतील रोजची अंतरे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा 2.20 रुपये निघाला, तर आजचे 2 रुपये ही त्या वेळेची नेहमीची चाल आहे. बँड आवळले होते ते बारा ते दीडच्या वेळेमुळे, आणि फुटले ते मरगळीची वेळ संपली म्हणून. असा ब्रेकआउट रोज येऊ शकतो, कधी वर, कधी खाली. त्याच्यामागे लावलेला स्टॉपलॉस, म्हणजे तोटा ठरावीक भावाला थांबवणारा आधीच देऊन ठेवलेला सौदा, हाही बहुधा त्याच अरुंद पसाऱ्यावरून ठरवलेला असतो, म्हणून दोनच्या सुमारास हालचाल नेहमीच्या मापावर आली की तो सहज उडतो.

"पण व्हॉल्यूम दुप्पट झाला होता!"

नांदेडला राहणाऱ्या माझ्या भाच्याने हे सगळे ऐकून मला विचारले, "मामा, मी नुसता ब्रेकआउट घेतच नाही. व्हॉल्यूम वीसच्या सरासरीच्या दुप्पट असेल तरच घेतो. मग?" आक्षेप योग्य आहे आणि बहुतेक वाचकांच्या मनात हाच येईल, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर देतो.

आपल्या शेअरमध्ये 1:30 च्या कॅन्डलला 52,000 शेअरची उलाढाल झाली असे धरू. त्याआधीच्या 20 कॅन्डलची सरासरी 26,000 आहे, कारण त्या सगळ्या मरगळीच्या वेळेतील आहेत. अट पूर्ण झाली, उलाढाल बरोबर दुप्पट आहे. पण मागच्या 20 दिवसांतील फक्त 1:30 च्याच कॅन्डल घेतल्या आणि त्यांची मधली किंमत 48,000 निघाली, तर आजची उलाढाल नेहमीच्या 1.08 पट, म्हणजे जवळपास नेहमीइतकीच आहे. भाच्याची व्हॉल्यूमची अट ब्रेकआउटची स्वतंत्र साक्ष देत नव्हती, कारण दोन्ही सिग्नल एकाच कारणाने, वेळ बदलल्याने, एकदम उमटले होते.

उलट बाजूने होणारे नुकसान डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ते जास्त लक्षात घेण्यासारखे आहे. त्याच दिवशी 12:20 च्या कॅन्डलला 58,000 ची उलाढाल झाली होती. तिच्या मागच्या 20 कॅन्डल 10:40 पासूनच्या असल्याने सरासरी 42,000 होती, म्हणजे प्रमाण 1.4 पट भरले आणि अटीने ती कॅन्डल बाद ठरवली. पण 12:20 ला या शेअरमध्ये एरवी 24,000 चीच उलाढाल होते, त्या मानाने ही 2.4 पट आहे. त्या दिवशी कुणीतरी खरोखर मोठी खरेदी किंवा विक्री केली असेल तर ती या वेळी केली होती, आणि घड्याळ न पाहणाऱ्या अटीने नेमकी तीच वगळली.

त्याच वेळेशी तुलना कशी करायची

यासाठी महागडे सॉफ्टवेअर लागत नाही. ब्रोकरकडून किंवा आलेखाच्या संकेतस्थळावरून मागच्या दीड-दोन महिन्यांची पाच मिनिटांची माहिती घ्यावी आणि स्प्रेडशीटमध्ये पहिल्या रकान्यात तारीख, दुसऱ्यात कॅन्डलचा दिवसातील क्रमांक 1 ते 75, तिसऱ्यात वेळ आणि चौथ्यात व्हॉल्यूम ठेवावा. 9:15 ची कॅन्डल क्रमांक 1, 12:20 ची 38 आणि 1:30 ची 52. वेळेऐवजी क्रमांक वापरण्याचे कारण असे की स्प्रेडशीटमध्ये वेळा अपूर्णांकांत साठवल्या जातात आणि कधीकधी सारख्या दिसूनही जुळत नाहीत. मग 1702 व्या ओळीसाठी हे सूत्र लिहावे:

```
=MEDIAN(FILTER(D$2:D$3000, (B$2:B$3000=B1702)*(A$2:A$3000<A1702)*(A$2:A$3000>=A1702-30)))
```

मागच्या 30 दिवसांतील, म्हणजे बाजाराच्या साधारण 20 दिवसांतील, त्याच क्रमांकाच्या कॅन्डलची मधली किंमत ते देते. आजचा व्हॉल्यूम तिने भागला की खरे प्रमाण मिळते. सरासरीऐवजी मधली किंमत घेतली आहे, कारण निकालाच्या किंवा एक्स्पायरीच्या, म्हणजे वायदे सौद्यांची मुदत संपण्याच्या, एखाद्या दिवसाचा प्रचंड आकडा सरासरी फुगवून ठेवतो. हीच रीत वरच्या-खालच्या भावातील अंतरालाही लावता येते. करण्याआधी एक गोष्ट नक्की तपासावी, ती म्हणजे आपला आलेख कॅन्डलला सुरुवातीची वेळ देतो की शेवटची. सकाळची पहिली कॅन्डल 9:15 अशी दिसते की 9:20 अशी, यावरून ते लगेच कळते. दोन ठिकाणची माहिती एकत्र केली आणि हा फरक राहिला, तर सगळ्या तुलना पाच मिनिटांनी चुकतात आणि सकाळी ती चूक फार मोठी ठरते.

पहिली पंधरा मिनिटे सोडली, किंवा मोठी कॅन्डल घेतली, तर?

पहिली पंधरा मिनिटे व्यवहार न करणे चांगलेच, कारण तेव्हा खरेदी आणि विक्रीच्या भावांतील अंतरही जास्त असते. पण हात आवरल्याने इंडिकेटरची स्मृती पुसली जात नाही. साडेनऊला व्यवहार सुरू करणाऱ्याच्या 20 कॅन्डलच्या खिडकीत अजून 17 कॅन्डल कालच्याच असतात.

पंधरा मिनिटांच्या कॅन्डलचा सल्लाही पुष्कळदा दिला जातो. त्याने बारीक गोंधळ कमी होतो हे खरे, पण दिवसाला 25 च कॅन्डल असल्याने 20 ची खिडकी पाच तासांची होते आणि सकाळ, दुपार, कालची अखेर हे सगळे तिच्यात मिसळते. आरएसआयवरील रात्रीच्या उडीचा प्रभाव निम्मा व्हायला मग पाऊण तासाऐवजी सव्वादोन तासांहून अधिक वेळ लागतो.

शेवटचा अर्धा तास आणि दोन वेगळे बंद भाव

इंट्राडेचे उघडे राहिलेले सौदे बहुतेक ब्रोकर 3:15 ते 3:25 च्या दरम्यान आपोआप मिटवतात. दिवसभर खरेदी करून बसलेले जास्त असतील तर या वेळी विक्री वाढते, आधी विकून बसलेले जास्त असतील तर खरेदी वाढते. या हालचालीचा कंपनीच्या बातमीशी किंवा उद्याच्या दिशेशी संबंध असेलच असे नाही, ती सक्तीची असते. तरीही तिचा जोर उद्या सकाळच्या खिडकीत 19 पैकी शेवटच्या काही कॅन्डल म्हणून जाऊन बसतो.

याच वेळेतील आणखी एक बाब फार कमी जणांना ठाऊक असते. दिवसाच्या आलेखावरचा अधिकृत बंद भाव हा साडेतीनला झालेल्या शेवटच्या सौद्याचा भाव नसतो. 2025 मध्ये चालू असलेल्या पद्धतीत तो 3:00 ते 3:30 मधील सर्व सौद्यांची उलाढालीनुसार भारित सरासरी होता. त्याऐवजी बंद भावासाठी स्वतंत्र लिलाव सत्र ठेवण्याचा प्रस्ताव सेबीने 2025 मध्ये चर्चेसाठी मांडला. सरासरीच्या पद्धतीत आपला शेअर शेवटच्या दहा मिनिटांत चढून 818 वर थांबला तरी अधिकृत बंद भाव 814.50 असू शकतो. उद्या तो 820 ला उघडला तर पाच मिनिटांच्या आलेखाला 2 रुपयांची उडी दिसेल आणि दिवसाच्या आलेखाला 5.50 रुपयांची. दोन आलेखांवरील आरएसआय एकमेकांशी जुळत नाहीत तेव्हा त्यामागे पुष्कळदा एवढेच कारण असते.

ही रीत कुठे चालत नाही

त्याच वेळेशी तुलना करण्याची रीत नेहमीच्या दिवसांसाठी आहे. रिझर्व्ह बँकेचे पतधोरण सकाळी दहाला जाहीर होते तेव्हा, कंपनीचा निकाल बाजार चालू असताना लागतो तेव्हा, अर्थसंकल्पाच्या आणि एक्स्पायरीच्या दिवशी दिवसाचा आकारच बदलतो. एक्स्पायरीच्या दिवसांची तुलना शक्यतो मागच्या एक्स्पायरीच्या दिवसांशीच करावी. उलाढाल फार कमी असलेल्या लहान शेअरमध्ये एका मोठ्या सौद्यानेच त्या कॅन्डलचा आकडा ठरतो, तिथे 20 दिवसांची मधली किंमतही भरवशाची नसते.

वर्षातून दोनदा येणारी एक अडचण खास लक्षात ठेवण्यासारखी आहे. युरोपातील घड्याळे मार्चच्या शेवटच्या रविवारी एक तास पुढे आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी एक तास मागे होतात, आपली होत नाहीत. त्यामुळे लंडन आणि फ्रँकफर्टचे बाजार हिवाळ्यात आपल्या दीड वाजता उघडतात आणि उन्हाळ्यात साडेबारा वाजता. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात साडेबाराचा व्हॉल्यूम मागच्या 20 दिवसांच्या मानाने अचानक दुप्पट दिसू लागला, तर तो बहुधा सरकलेल्या घड्याळाचा परिणाम असतो, आणि जुने दिवस 20 दिवसांच्या खिडकीबाहेर पडेपर्यंत, म्हणजे साधारण चार आठवडे, साडेबारा ते दोन या वेळेतील प्रमाणे त्या हिशेबाने वाचावी लागतात.